आश्रय की पुनर्वसन? वळिवडे छावणीच्या स्मरणकथनाची एक समीक्षा

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे वसलेल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीला अलीकडे सार्वजनिक स्मृतीत मानाचे स्थान प्राप्त झाले आहे. छावणीत बालपण घालवलेल्या पोलिश नागरिकांनी आपल्या आठवणी संकलित केल्या. अनुराधा भट्टाचार्यजी यांचा 'द सेकंड होमलँड' हा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास भेट दिली, तेव्हा वृत्तपत्रांतून या छावणीची कथा पुन्हा एकवार सांगितली गेली. या कथनाचा गाभा सर्वत्र एकच आहे : घर गमावलेली माणसे आली, महाराष्ट्राने त्यांना आश्रय दिला आणि ती कृतज्ञ राहिली.

या कथनातील कृतज्ञता खरी आहे आणि तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो 'आश्रय' या शब्दाचा. एखादी व्यक्ती स्वतःहून सीमेवर येऊन संरक्षण मागते, ही एक घटना आहे. सरकारे व आंतरराष्ट्रीय संस्था आपसात करार करून एखाद्या समूहाला एका देशातून दुसऱ्या देशात नेतात, ही दुसरी घटना आहे. पहिलीत मागणारा आधी येतो आणि निर्णय नंतर होतो. दुसरीत निर्णय आधी होतो आणि माणूस नंतर येतो. वळिवडे हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे, परंतु त्याचे स्मरण मात्र पहिल्या प्रकारच्या भाषेत केले जाते. या सरमिसळीमुळे काय झाकले जाते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची अडचण

या सरमिसळीला मराठी भाषेनेही काही अंशी हातभार लावला आहे. 'आश्रय' या शब्दात निवारा आहे, संरक्षण आहे आणि 'राजाश्रय' या जोडशब्दामुळे दात्याची कृपाही आहे. ज्याला आश्रय मिळतो त्याचा काही दावा असू शकतो, ही छटा मात्र त्यात सहसा ऐकू येत नाही. 'पुनर्वसन' हा शब्द तर आपल्याकडे धरणग्रस्तांपासून फाळणीच्या निर्वासितांपर्यंत सर्वांसाठी वापरला जातो. आंतरराष्ट्रीय व्यवहारात त्याचा अर्थ पुष्कळच मर्यादित आहे. ज्या देशात निर्वासिताने प्रथम आसरा घेतला तेथून, त्यास कायम राहू देण्यास आधीच संमती दिलेल्या तिसऱ्या देशात त्याची रवानगी करणे, एवढाच तो अर्थ होय.

शिबी राजाची कथा येथे उपयुक्त ठरते. ससाण्याच्या भयाने पळालेले कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडते. ते विचारून आलेले नाही आणि त्याच्या येण्याविषयी कोणाचा करार झालेला नाही. ते आल्याच क्षणी राजावर एक कर्तव्य येऊन पडते आणि त्याची किंमत राजा स्वतःच्या देहाचे मांस तोलून चुकवतो. शरणागताला न धाडणे, हा या कथेचा आशय आहे. परंपरेने गौरवलेला हा आदर्श आगमनानंतरच्या आश्रयाचा आहे. वळिवड्याची हकिकत याहून निराळी आहे.

वळिवड्यास माणसे कशी आली

फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत संघाने पूर्व पोलंडमधील लक्षावधी नागरिकांना सायबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार केले. जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर, ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात करार झाला आणि या लोकांची सुटका सुरू झाली. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सेना उभारली गेली. १९४२ मध्ये ही सेना कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पहलवी बंदरावर उतरली, तेव्हा सैनिकांबरोबर त्यांची कुटुंबे आणि अनाथ मुलेही बाहेर पडली.

इराणातील छावण्या तात्पुरत्या होत्या. या नागरिकांना कोठे ठेवायचे, याचा विचार ब्रिटिश व पोलिश सरकारांनी मिळून केला आणि पूर्व आफ्रिका, भारत, मेक्सिको, न्यूझीलंड अशी ठिकाणे ठरली. भारतात प्रथम मुले आली व त्यांच्यासाठी जामनगर संस्थानात बालाचडी येथे छावणी उघडली. मोठ्या संख्येने कुटुंबे आणण्यासाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवडे निवडण्यात आले. अहवाझमार्गे जहाजाने कराची, तेथे काही काळ मुक्काम आणि मग रेल्वेने वळिवडे, असा प्रवास होता. १९४३ च्या मध्यास छावणी सुरू झाली आणि तेथे सुमारे पाच हजार लोक राहू लागले. पुरुष बहुतांशी सैन्यात असल्याने ही वस्ती मुख्यतः स्त्रिया व मुलांची होती. शाळा, चर्च, दवाखाना, बालवीर पथके असे एक संपूर्ण गाव तेथे उभे राहिले.

या घटनाक्रमातील तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, वळिवड्याच्या स्थानकावर उतरलेल्या कोणाही पोलिश स्त्रीला आपण निर्वासित आहोत हे सिद्ध करावे लागले नाही. तिच्या येण्याचा निर्णय ती येण्यापूर्वी झाला होता आणि तो तिच्यापुरता नसून साऱ्या समूहाविषयी होता. दुसरी, छावणीचा खर्च पोलिश सरकारच्या नावे होता आणि वास्तव्य युद्धकाळापुरते गृहीत धरलेले होते. तिसरी गोष्ट कोल्हापूरच्या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते. १९४३ मध्ये गादीवरील छत्रपती अल्पवयीन असून राज्यकारभार रीजन्सीमार्फत चालत होता. म्हणजे 'महाराजांनी निर्वासितांना बोलावून घेतले' हे चित्र वळिवड्याला लागू पडत नाही. जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा बालाचडीतील वैयक्तिक पुढाकार निर्विवाद आहे. लोकप्रिय कथनात मात्र त्याची छाया वळिवड्यावर पडलेली दिसते. कोल्हापूरच्या जनतेने दाखवलेला शेजारधर्म यामुळे कमी ठरत नाही. निर्णय कोणी घेतला आणि शेजार कोणी केला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत एवढेच.

स्वतःहून आलेल्यांचे काय झाले

त्याच दशकात, त्याच प्रदेशात निर्वासितांचा दुसरा एक वर्ग वावरत होता. १९३३ नंतर मध्य युरोपातून निसटलेले काही निर्वासित, त्यांत मुख्यतः ज्यू, मुंबईस पोहोचले होते. चित्रकार वाल्टर लांगहॅमर, संगीतकार वाल्टर काउफमन ही त्यांपैकी मुंबईच्या कलाजीवनात रुजलेली नावे. या लोकांना कोणत्याही सरकारने समूहाने आणले नव्हते. ज्याने त्याने व्हिसा, ओळख, नोकरीची हमी यांच्या आधारे आपापली वाट काढली होती. मुंबईत १९३४ मध्ये स्थापन झालेली ज्युइश रिलीफ असोसिएशन त्यांच्या निर्वाहाची हमी घेत असे. येण्यास परवाना लागत असल्यामुळे हा आगमनोत्तर आश्रयाचा शुद्ध नमुना म्हणता येणार नाही. तरीही एका बाबतीत तो त्या मार्गाशी पूर्णपणे जुळतो : या माणसांचे निर्वासितपण अगोदर कोणीच मान्य केलेले नव्हते.

त्याचा परिणाम सप्टेंबर १९३९ मध्ये दिसला. युद्ध पुकारले जाताच जर्मन पारपत्र बाळगणारे पुरुष शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना अटक करून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील स्थानबद्धता छावणीत नेण्यात आले. त्यांत नाझी पक्षाचे समर्थक होते आणि नाझींपासून पळालेले ज्यूही होते. माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एकेकाची चौकशी केली आणि त्यानंतर अनेक ज्यूंची सुटका झाली. परंतु १९४० च्या उन्हाळ्यात युरोपातील युद्धाचा रंग पालटताच संशय पुन्हा बळावला. काहींना परत स्थानबद्ध व्हावे लागले, तर काहींना पुरंदर, साताऱ्यासारख्या ठिकाणी देखरेखीखाली राहावे लागले. अहमदनगरच्या छावणीतील स्थानबद्धांना १९४१ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली येथे आणि तेथून देहरादूनला हलवण्यात आले. नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात देवळालीचा हा अध्याय सहसा सांगितला जात नाही.

या चौकशीतील पेच मूलभूत आहे. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मन ज्यूंच्या पारपत्रावर तांबड्या रंगात 'जे' हे अक्षर उमटवले जाई. तो शिक्का छळाचा पुरावा होता, परंतु ज्या पारपत्रावर तो होता ते शत्रुराष्ट्राचे होते. एकच कागद माणसाला निर्वासितही ठरवीत होता आणि शत्रूही. त्यांपैकी कोणता अर्थ ग्राह्य धरायचा, हे माणूस समोर उभा राहिल्यावर, त्याच्या उत्तरांवरून आणि त्या आठवड्यातील युद्धवार्तेच्या छायेत ठरत होते. आगमनानंतर मागितलेल्या आश्रयाचे हे व्यवच्छेदक लक्षण आहे. सिद्धतेचा भार एकट्या व्यक्तीवर असतो आणि निर्णय होईपर्यंत तिचा दर्जा अनिश्चित, प्रसंगी दंडनीय असतो.

छावणी मोडताना

आधी करार आणि मग आगमन, हा मार्ग तुलनेने सुरक्षित भासतो. तो किती सुरक्षित होता, याची कसोटी १९४५ मध्ये लागली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली व वॉर्सातील नव्या सरकारास मान्यता दिली. ज्या सरकारच्या नावे वळिवडे चालत होते, ते सरकार कागदोपत्री उरले नाही. छावणीतील माणसे तीच होती, त्यांचा भूतकाळ तोच होता. बदलली होती ती त्यांच्या वतीने बोलणारी बाजू. त्यातच पूर्व पोलंडचा प्रदेश सोव्हिएत संघात गेल्यामुळे अनेकांची घरे आता दुसऱ्याच देशात होती.

छावणीची व्यवस्था पुढे उन्रा या संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेकडे आली. तिचे धोरण मायदेशी परतीवर भर देणारे होते, परंतु परत जाण्यास तयार झालेले लोक थोडेच होते. १९४७ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना कार्य करू लागली आणि तिच्या घटनेत एक नवा विचार आला : परतीस व्यक्तीचा सबळ आक्षेप असल्यास तो ग्राह्य मानावा. याचा अर्थ, समूहाला लागू असणारी ओळख आता व्यक्तिशः तपासली जाऊ लागली.

या टप्प्यावर वळिवड्यातील दोन कुटुंबांची कल्पना केल्यास फरक स्पष्ट होईल. पहिल्या कुटुंबातील पती आंदेर्स यांच्या सेनेतून इटलीत लढला आणि युद्धानंतर ब्रिटनमधील पोलिश रिसेटलमेंट कोअरमध्ये दाखल झाला. ब्रिटनच्या १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याने अशा सैनिकांची सोय लावली, त्यामुळे त्याची पत्नी व मुले यांना ब्रिटनची वाट खुली झाली. दुसऱ्या कुटुंबातील पती सायबेरियातच मरण पावला होता. या विधवेने सोसलेले दुःख कोणत्याही मापाने अधिक होते, परंतु तिचा कोणीही सैन्यात नव्हता. तिच्यापुढे पोलंडला परतणे, पूर्व आफ्रिकेतील छावणीत जाऊन पुन्हा वाट पाहणे किंवा एखाद्या देशाने निवड करण्याची आशा धरणे, एवढेच पर्याय होते. दोघींचे निर्वासितपण समान होते. भेद पडला तो स्वीकारणाऱ्या देशाच्या निकषांमुळे.

काटेकोर अर्थाने पुनर्वसन म्हणावे ते वळिवड्यास येताना झाले नाही. ते वळिवडे सोडताना झाले, आणि 'सेकंड होमलँड' या कल्पनेची मर्यादा येथे उघड होते. छावणीत वाढलेल्या मुलांच्या भावविश्वात ती दुसरी मायभूमी होती, हे मान्य करावे लागेल. परंतु राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने ती प्रतीक्षागृह होती. १९४८ च्या प्रारंभी छावणी बंद झाली, तेव्हा बहुतेकांना जावेच लागले. स्मरणकथन बहुधा आगमनापाशी रेंगाळते आणि प्रस्थानाचा भाग निरोपसमारंभासारखा उरकते. वास्तविक दोन मार्गांतील भेद समजून घेण्यासाठी प्रस्थानाचा भागच अधिक बोलका आहे.

रिकाम्या झालेल्या त्या बराकींत पुढे सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि तेथे आजचे गांधीनगर उभे राहिले. देवळालीतही सिंधी निर्वासितांची छावणी होती. त्यांची गोष्ट दोन्ही मार्गांत बसत नाही. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांना विहित अटींवर नागरिकच मानले आणि त्यासाठी १९ जुलै १९४८ ही तारीख निर्णायक ठरवली. त्यांना विचारला गेलेला प्रश्न 'तुमचा छळ झाला काय' हा नव्हता. तो 'तुम्ही केव्हा आलात' असा होता. एकाच छपराखाली लागोपाठ राहिलेल्या दोन समूहांना 'निर्वासित' हा एकच शब्द लावला, तरी राज्याशी असलेले त्यांचे नाते सर्वस्वी भिन्न होते.

आजचे दोन मार्ग

१९५१ च्या निर्वासितविषयक करारात या दोन मार्गांना समान स्थान नाही. छळाचे भय असलेल्या व्यक्तीला त्या भयाकडे परत धाडू नये, असे ३३ वा अनुच्छेद सांगतो. धोक्याच्या प्रदेशातून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असे ३१ वा अनुच्छेद सांगतो. म्हणजे आगमनाने राज्यावर बंधन येते. दूरच्या छावणीतील निर्वासिताला आपल्या देशात आणावे, असे बंधन मात्र करारातील कोणताही अनुच्छेद घालत नाही. पुनर्वसनाची जागा हे देणाऱ्याचे औदार्य आहे, मागणाऱ्याचा हक्क नाही.

या मार्गाची आजची कार्यपद्धती पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. प्रथम संयुक्त राष्ट्र निर्वासित उच्चायुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. मग निर्वासित दर्जा ठरतो. त्यानंतर छळातून वाचलेले, गंभीर आजारी, एकट्या स्त्रिया, धोक्यातील मुले अशा विशिष्ट गरजांच्या वर्गात बसणाऱ्यांचीच प्रकरणे एखाद्या देशाकडे सादर केली जातात. तो देश स्वतः मुलाखत, सुरक्षा पडताळणी व वैद्यकीय तपासणी करतो आणि शेवटचा शब्द त्याचाच असतो. निर्वासिताला देश निवडता येत नाही, तसेच या व्यवस्थेत 'रांग' अशी काही नसते. आधी नोंदवलेल्याचा क्रम आधी लागेल असे नाही. जगातील निर्वासितांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांना दरवर्षी अशी जागा मिळते. ही व्यवस्था एका आदेशाने थांबू शकते, हे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपला निर्वासित प्रवेश कार्यक्रम स्थगित केला तेव्हा दिसले. वळिवड्याने १९४५ मध्ये अनुभवलेली अनिश्चितता वेगळ्या रूपात परत आली. 'रांग मोडून आलेले' हा आश्रयार्थींवरील आरोप तर मुळातच निराधार ठरतो, कारण मोडण्याजोगी रांगच नाही.

भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. येथे बाहेरून आलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने प्रथम परकीय नागरिक असते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा सप्टेंबर २०२५ पासून नव्या अधिनियमाने घेतली, परंतु निर्वासित असा स्वतंत्र वर्ग त्यातही नाही. काही ठरावीक गटांना आदेशान्वये सूट मिळते. इतरांसाठी दिल्लीतील उच्चायुक्त कार्यालयाचे ओळखपत्र व न्यायालयाची दृष्टी यांवर बरेच अवलंबून राहते. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे अशा एका इराणी निर्वासिताचे प्रकरण आले. उच्चायुक्त कार्यालयाने त्याला निर्वासित मानले असल्याने इराणला परत धाडण्याचा प्रश्नच नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि त्याला इच्छित देशी जाण्याची मुभा दिली. परत धाडू नये हे तत्त्व येथे मान्य झाले, पण येथेच राहण्याचा हक्क त्यातून निष्पन्न झाला नाही. वळिवड्याप्रमाणेच याही प्रकरणाचा शेवट पुढच्या प्रवासात झाला.

समारोप

वळिवड्याच्या स्मरणकथनावरील आक्षेप त्यातील माणुसकीवर नाही. आक्षेप आहे तो त्या माणुसकीला दिलेल्या चुकीच्या नावावर. सरकारांनी आधी ठरवून, खर्चाची तजवीज लावून आणि मुदतीच्या अपेक्षेने आणलेल्या समूहाचा पाहुणचार म्हणजे न विचारता दाराशी आलेल्या व्यक्तीला दिलेला आश्रय नव्हे. पहिल्याचा गौरव दुसऱ्याच्या नावाने केला की, निमंत्रित निर्वासित हा आदर्श ठरतो आणि स्वतःहून आलेला संशयित. ज्या युद्धकाळात वळिवड्याची छावणी उभी राहिली, त्याच युद्धकाळात अहमदनगर, देवळाली, पुरंदर येथे पहाऱ्यात ठेवलेल्या किंवा चौकशीच्या फेऱ्यांतून गेलेल्या माणसांत हिटलरपासून पळालेलेही होते. त्यांचे स्मारक कोठे नाही. वळिवड्यातील पोलिश स्त्री आणि मुंबईतील जर्मन ज्यू यांच्या दुःखात तर-तम करता येणार नाही. त्यांच्या वाट्याला आलेली वागणूक भिन्न होती, कारण एकीची कागदपत्रे तिच्या आधी पोहोचली होती आणि दुसऱ्याला स्वतःच आधी पोहोचून मग कागदपत्रे मिळवावी लागली. महाराष्ट्राच्या निर्वासितविषयक इतिहासात या दोघांचीही नोंद शेजारी शेजारी झाली, तरच 'आश्रय' या शब्दाने नेमके काय दिले गेले आणि काय नाकारले गेले, ते वाचता येईल.